पावसाआधीचे सात आठवडे: कोकणपट्टीत पहिला पावसाळा काढणाऱ्यांसाठी

माझी भाची लातूरहून डोंबिवलीला राहायला आली तेव्हा मार्च संपत आला होता. चार मजली जुनी इमारत, फ्लॅट अगदी वरचा, डोक्यावर थेट गच्ची. एप्रिलच्या पहिल्या रविवारी मी टॉर्च आणि पेन्सिल घेऊन तिच्याकडे गेले, तर ती म्हणाली, "मावशी, पाऊस जूनमध्ये ना? आत्ता कशाला?" तिचं चुकत नव्हतं. लातुरात वर्षभरात आठशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मुंबईत सांताक्रूझला जून ते सप्टेंबर या चारच महिन्यांत सव्वादोन हजारांच्या वर पडतो, आणि तो कित्येक दिवस भिंतींना वाळूच देत नाही. तिकडे चालणारं घर इकडे गळतं ते यामुळेच.

कोकणात पावसाळ्याच्या तोंडाला आगोट म्हणतात. आगोटीची तयारी म्हणजे जुन्या घरांत शाकारणी, लाकूडफाटा, वाळवणं. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांची तयारी वेगळी असली तरी एक गोष्ट तीच आहे: ही कामं एका रविवारात उरकत नाहीत, कारण त्यातली निम्मी कामं सुकण्याची वाट बघण्याची आहेत. म्हणून मी त्यांची एक यादी करत नाही. कॅलेंडरात आठवड्यागणिक आठवणी लावते. भाचीला ज्या लावून दिल्या त्याच इथे लिहिते आहे.

तारीख उलटी मोजायची

हवामान खात्याच्या हिशेबाने मुंबईत मोसमी पाऊस साधारण 11 जूनला पोहोचतो. या तारखेवर विसंबू नका. 2025 साली तो 26 मे रोजीच आला आणि ज्यांनी गच्चीचं काम मेच्या शेवटावर ठेवलं होतं ते अर्धं काम उघडं टाकून बसले. शिवाय त्याच्याही आधी वळवाच्या सरी येऊन जातात. त्यामुळे माझी शेवटची तारीख 20 मे. त्या दिवशी गच्ची, पाइप, खिडक्या आणि सामान पावसाला तयार पाहिजे.

आता तिथून मागे या. गच्चीवरच्या लेपनाचा शेवटचा हात झाल्यावर ते पक्कं व्हायला सात दिवस आणि पाणी साठवून पाहायला दोन दिवस, म्हणजे शेवटचा हात 10 मेच्या आत. त्याआधी भेगा आणि सांधे सिमेंटने भरायचे, त्यावर सात दिवस पाणी मारायचं आणि मग चार-पाच दिवस सुकू द्यायचं, म्हणजे गवंडीकाम 28 एप्रिलच्या आत. त्याआधी सोसायटीची मंजुरी, मिस्त्री ठरवणं, माल आणणं यात दहा-बारा दिवस सहज जातात. म्हणजे गळती नेमकी कुठे आहे हे 15 एप्रिलच्या आधी कळलं पाहिजे. एप्रिलच्या पहिल्या रविवारी टॉर्च घेऊन जाण्याचं कारण हे.

एप्रिलचा पहिला आठवडा: डाग वाचायचे

दुपारच्या उजेडात सगळ्या खोल्यांची छतं आणि बाहेरच्या बाजूच्या भिंती बघा. उजेड तिरका पडला की फुगलेला रंग, पोपडे, पांढरी क्षारांची पूड लगेच दिसते. टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून मारला तरी तेच. डाग दिसला की पेन्सिलने त्याच्या कडेने रेघ ओढा, शेजारी तारीख लिहा आणि फोटो काढा. ही रेघ पुढे दोन महिने साक्ष देते: डाग रेघेबाहेर गेला का, एवढंच बघायचं.

मग डागाला हात लावा. हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात उपयोगी तपास आहे. एप्रिलमध्ये सहा महिने पाऊस नाही. डाग कोरडा, भुसभुशीत असेल तर तो गेल्या पावसाचा. तो आत्ता ओला, गार लागत असेल तर दोष पावसाचा नाहीच. तो वरच्या टाकीचा, तिच्या पाइपाचा किंवा वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघराचा. अशा डागासाठी गच्चीवर कितीही लेप लावले तरी फरक पडणार नाही. खात्री नसेल तर दीड फूट लांबीरुंदीचा जाड प्लास्टिकचा तुकडा डागावर चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि रात्रभर ठेवा. सकाळी प्लास्टिकच्या आतल्या बाजूला दव धरलं असेल तर भिंतीत पाणी अजून आहे.

भाचीच्या झोपायच्या खोलीत पश्चिमेच्या कोपऱ्यात, छत आणि भिंत मिळते तिथे हातभर लांबीचा तपकिरी डाग होता. हाताला कोरडा, प्लास्टिकही सकाळी कोरडं. म्हणजे पावसाचं पाणी. पश्चिमेची बाजू आहे हेही लक्षात ठेवलं, कारण आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येच्या वाऱ्यासोबत येतो आणि दक्षिण-पश्चिमेच्या भिंती त्याचा सगळा मार खातात.

घरमालकाने किंवा आधीच्या भाडेकरूने मार्चमध्येच नवा रंग दिला असेल तर जरा जपून. डागावर रंग बसला की रेघ ओढायला काही उरत नाही. अशा वेळी शेजाऱ्यांना आणि सोसायटीच्या वॉचमनला विचारा, "गेल्या पावसात इथे काय झालं होतं?" त्यांना आठवत असतं.

दुसरा आठवडा: गच्चीवर पाणी साठवून बघायचं

छतावर डाग जिथे दिसतो त्याच्या बरोबर वर भोक असतंच असं नाही. पाणी कोब्याखालून सरकत जातं आणि स्लॅबला जिथे वाट मिळते तिथे उतरतं. गच्चीवरचा कोबा म्हणजे विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर, त्यावर बहुतेक जुन्या इमारतींत चायना मोझॅकच्या फरशांचे तुकडे. हा थर चार-पाच इंच जाड असतो. त्यात शिरलेलं पाणी पाच-दहा फूट दूर जाऊन खाली उतरू शकतं. म्हणून डोळ्यांनी भेगा शोधून थांबायचं नाही, पाणी साठवून पाहायचं.

पद्धत अशी. पाणी जायच्या तोंडात फडकं किंवा प्लास्टिकची पिशवी घट्ट कोंबा. गच्चीचे भाग पाडा: दहा फूट बाय दहा फुटांचा एक चौकोन, कडेने ओल्या मातीचा चार बोटं उंच बांध. त्यात इंचभर पाणी भरा आणि 48 तास ठेवा. खाली घरात सकाळ-संध्याकाळ पेन्सिलच्या रेघा बघा. एक चौकोन झाला की पुढचा. इंचभर पाण्याला एका चौकोनात साधारण 230 लिटर पाणी लागतं. एप्रिलच्या पाणीटंचाईत पिण्याचं पाणी यासाठी वापरू नका, बोअरिंगचं वापरा. आणि सगळी गच्ची एकदम भरायचा मोह टाळा. पाण्याला वजन असतं: हजार चौरस फुटांवर दोन इंच पाणी म्हणजे जवळपास पाच टन. जिथे स्लॅबच्या खालच्या बाजूने सिमेंट सुटून गंजलेल्या सळ्या दिसतात तिथे हा प्रयोग करूच नये. तिथे आधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला बोलवा.

उन्हाने थोडं पाणी उडून जातं, त्यामुळे पातळी किती उतरली यावरून निष्कर्ष काढू नका. खालचं छत काय सांगतं ते महत्त्वाचं.

भाचीच्या गच्चीवर आम्ही तीन चौकोन केले. मधला कोरडा गेला. टाकीकडचाही कोरडा. तिसरा पश्चिमेच्या कठड्याला लागून होता, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खोलीतल्या डागाची कड रेघेबाहेर दोन बोटं सरकली, गारही लागायला लागली. पाणी काढून आम्ही तो भाग नीट झाडला. डागापासून जवळजवळ पाच फुटांवर, कठड्याच्या पायाशी, जुन्या डिश अँटेनाचा स्टँड काढून नेल्याच्या खुणा होत्या. चार बोल्टांची चार भोकं थेट कोब्यात, त्यांत सुकलेली माती. शेजारी कठडा आणि गच्चीच्या सांध्यात नखभर रुंदीची भेग, चार-पाच फूट लांब. वर्षानुवर्षं त्या भोकांतून पाणी आत जात होतं आणि सगळे मात्र डागाच्या वर डांबर फासत होते. डांबराचे तीन थर मोजले मी.

तुमच्याही गच्चीवर आधी कठड्याचा सांधा, मग अँटेना, सोलर, मंडपाचे बांबू यांसाठी पाडलेली भोकं, मग पाइप स्लॅबमधून खाली जातो ती जागा बघा. मोकळ्या मैदानासारख्या भागात गळती कमी असते, कडांना आणि भोकांना जास्त.

कोपऱ्यातल्या भेगांचे फोटो, डागाचे आधीचे आणि नंतरचे फोटो, तारखा हे सगळं एका पत्राला जोडून सोसायटीला द्या आणि पोच घ्या. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीतून झिरपणाऱ्या पावसामुळे वरच्या फ्लॅटचं छत आणि त्याचा गिलावा खराब झाला तर त्याची दुरुस्ती संस्थेने स्वतःच्या खर्चाने करायची असते. भाडेकरू असाल तर पत्र घरमालकाच्या नावाने जाऊ द्या, फोटो मात्र तुम्ही काढा.

15 एप्रिल ते 10 मे: दुरुस्ती

भेग नुसती वरून लिंपली तर पहिल्याच उन्हात ती पुन्हा उघडते. गवंड्याने भेगेवर छिन्नीने इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच पाडायला हवी, ती ब्रशने झाडून पाण्याने ओली करायला हवी आणि मग सिमेंट-वाळूत पॉलिमरचं द्रव मिसळून दाबून भरायला हवी. बोल्टांची भोकंही अशीच, आधी आतली माती पूर्ण उकरून. कठड्याच्या पायाशी सरळ काटकोन ठेवायचा नाही. तिथे सिमेंटची तिरकी गोलाई करायची, गवंडी त्याला वाटा म्हणतात. वाटा असला की पाणी सांध्यात थांबत नाही, उतारावर ढकललं जातं. त्यावर सात दिवस दिवसातून तीन-चार वेळा पाणी मारणं किंवा ओलं गोणपाट अंथरणं आवश्यक आहे. एप्रिलच्या उन्हात सिमेंट न भिजवता सोडलं तर त्याला बारीक जाळीसारख्या भेगा पडतात आणि मग तुम्ही सुरुवातीला होता तिथेच येता.

नंतर लेपन. इथे नवख्या माणसाची जी चूक होते तीच माझीही झाली होती, म्हणून सविस्तर लिहिते. बाजारात दोन प्रकार मुख्य. एकात पावडर आणि द्रव वेगवेगळे येतात, ते मिसळून लावायचे. हे सिमेंटचं लेपन, त्याला खालचा पृष्ठभाग किंचित ओलसर लागतो, पण वर पाणी साचलेलं नको. दुसरं रंगासारखं डब्यातून थेट लावायचं अ‍ॅक्रिलिक. त्याला पृष्ठभाग खडखडीत कोरडा हवा. काही वर्षांपूर्वी माझ्या गच्चीवर ठेकेदाराने हे दुसरं लेपन वळवाची सर पडून गेल्यावर दुसऱ्याच सकाळी लावलं. वरून कोरडं दिसत होतं, कोब्यात पाणी होतं. ऊन तापलं, आतल्या पाण्याची वाफ झाली आणि चार दिवसांत पापडासारखे फुगे आले. फुगा बोटाने दाबला की खालून पाणी निघायचं. जुलैत सगळं निघून आलं. तेव्हापासून लेपनाच्या आदल्या रात्री मी तो प्लास्टिकचा तुकडा गच्चीवरही चिकटवते. सकाळी खाली दव दिसलं तर काम पुढे ढकलते.

दोन हात द्यायचे, दुसरा पहिल्याच्या आडव्या दिशेने, म्हणजे पहिल्याच्या कुंचल्याच्या रेघांमध्ये सुटलेल्या जागा झाकल्या जातात. वाट्यावर आणि मोठ्या भेगांवर दोन हातांच्या मध्ये फायबरची जाळी बसवून घ्या. माल कमी वापरला जात नाही ना हे तपासायला डब्यावर किती मालात किती चौरस फूट ते वाचा, गच्चीचं माप काढा, आणि कामात किती डबे रिकामे व्हायला हवेत ते काम सुरू व्हायच्या आधीच मोजून ठेवा. उरलेले डबे सांगतात लेप पातळ झाला ते.

एका गोष्टीला स्पष्ट नकार द्या: घराच्या आतून छताला "वॉटरप्रूफ" रंग. पाणी वरून येतं. आतून लावलेला थर त्याला अडवत नाही, ते गिलाव्यात कोंडतं आणि काही महिन्यांनी रंगासकट पोपडा खाली येतो. आतली डागडुजी आणि रंग पावसाळा संपल्यावर, भिंत पूर्ण वाळली की करा. दसरा-दिवाळीच्या आसपास.

लेपन पक्कं झाल्यावर तोच चौकोन पुन्हा पाण्याने भरा, पुन्हा 48 तास. भाचीच्या खोलीतली रेघ यावेळी हलली नाही. मिस्त्रीचे शेवटचे पैसे या तपासणीनंतर द्यायचे, असं काम ठरवतानाच बोलून घ्यावं. नंतर म्हटलं तर वाद होतात.

25 एप्रिल ते 15 मे: सामान

गच्चीचं काम चालू असताना घरात सामानाचं काम चालतं, आणि ते मेच्या शेवटावर टाकू नये. विसाव्या तारखेनंतर समुद्राकडची हवा इतकी दमट होते की वाळत घातलेली गोधडी वाळल्यासारखी वाटते, पण आतून ओलच राहते. तीच पेटीत गेली की जुलैत वास येतो.

माळ्यापासून सुरुवात करा. तो स्लॅबच्या सगळ्यात जवळ असतो आणि गळतीचं पहिलं पाणी त्याच्यावर पडतं. माळ्यावरचं सगळं खाली काढून छताचा तो भाग बघा, कारण तिथला डाग वर्षभर कोणी पाहिलेला नसतो. पुठ्ठ्याची खोकी काढून टाका. पुठ्ठा हवेतलं पाणी ओढतो आणि वाळवीला आवडतो. त्याऐवजी झाकणाचे प्लास्टिकचे डबे किंवा पत्र्याच्या पेट्या, आणि पेटीखाली दोन पट्ट्या, म्हणजे तळाशी हवा खेळते.

गोधड्या, रजया, स्वेटर उन्हात अकरा ते तीन घाला, दोन्ही बाजूंनी. नंतर लगेच घडी करायची नाही. ही पायरी सगळे गाळतात. उन्हातून काढलेलं कापड गरम असतं. तसंच पेटीत किंवा प्लास्टिकच्या पिशवीत घातलं की गार होताना आतल्या आत त्याला घाम येतो आणि तोच बुरशीला पुरतो. घरात पलंगावर तासभर पसरून ठेवा, हाताला गार लागलं की मग घडी, आणि संध्याकाळची दमट हवा सुटायच्या आत पेटी बंद. पैठणी किंवा कुठलंही रेशीम थेट उन्हात घालू नका, रंग उतरतो. सावलीत पंख्याखाली अर्धा दिवस पुरतो. जरीच्या घड्या उलट बाजूने मोडून सुती कापडात गुंडाळा.

डांबराच्या गोळ्या ठेवायच्या तर कापडाच्या पुरचुंडीत, कपड्याला थेट लागू देऊ नका, आणि लहान मुलांच्या कपड्यांत अजिबात नको. मी सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला ठेवते. तो पूर्ण कुरकुरीत वाळलेला पाहिजे, नाहीतर आपणच ओल आत नेतो.

कपाटं बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. पश्चिमेच्या भिंतीला चिकटलेल्या कपाटाची मागची फळी ऑगस्टपर्यंत हिरवी होते, आणि ती दिसत नाही म्हणून कळत नाही. ओल शोषणारे डबे मिळतात, त्यातल्या क्षाराचं पाणी होऊन खालच्या कप्प्यात साठतं. ते भरलं की ओतून नवीन ठेवायचं, आणि डबा कपड्यांच्या वर कधीही नाही, कायम तळाशी. ही एकच आठवण मी पावसाळाभर दर तीन आठवड्यांनी लावते.

कागदपत्रं सगळ्यात शेवटी, कारण ती हाताळायला दोन-तीन संध्याकाळी लागतात. घराचा करारनामा, विमा, मार्कशीट, जन्मदाखले प्लास्टिकच्या चेनच्या पिशवीत, प्रत्येकाची वेगळी पिशवी, आणि सगळ्या पिशव्या कमरेपेक्षा उंच कप्प्यात. तळमजल्यावर राहत असाल तर हे माळ्यापेक्षा महत्त्वाचं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा तळमजल्यावरच्या कितीतरी घरांत कपाटाचा खालचा कप्पा आधी बुडाला, आणि लोक महत्त्वाचे कागद तिथेच ठेवतात. फोटो काढून फोनमध्ये आणि घरातल्या दुसऱ्या माणसाच्या फोनमध्येही ठेवा.

10 ते 20 मे: पाणी जायच्या वाटा

पाइप आणि नाल्या मुद्दाम गवंडीकामानंतर. आधी साफ केल्या तर कोब्याची खडी, सिमेंटचा गाळ त्यातच जातो आणि पाइपच्या वळणावर दगडासारखा बसतो.

पावसाचं गणित सोपं आहे: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर तासाला पन्नास मिलिमीटर पडला तर पाच हजार लिटर, म्हणजे मिनिटाला ऐंशी लिटरच्या वर पाणी एका-दोन पाइपांतून जायला हवं. अर्धा तुंबलेला पाइप रिमझिम पावसात ठीक वाटतो आणि जोराच्या सरीत गच्चीचं तळं करतो.

तपासायला दोन माणसं लागतात. एकाने गच्चीवर पावसाळी पाइपच्या तोंडाशी वीस लिटरची बादली एकदम ओतायची, दुसऱ्याने खाली पाइप जिथे उघडतो तिथे फोन कानाला लावून उभं राहायचं. खाली पाणी काही क्षणांत भसकन यायला हवं आणि तसंच संपायला हवं. वर गुडगुड आवाज येतो आणि खाली धार बारीक, पण बराच वेळ चालू राहते, याचा अर्थ मध्ये काहीतरी आहे. कबुतराचं घरटं, पतंगाचा मांजा, चेंडू हे नेहमीचे. वरून लांब वेत किंवा प्लंबरची स्प्रिंग घाला. पाइपच्या तोंडावर सपाट जाळी असेल तर बदला, एक पिंपळाचं पान ती बंद करतं. घुमटासारखी उंच जाळी पानं कडेला ठेवून पाणी जाऊ देते.

बाल्कनीतली नहाणी उचलून बघा. आत एक उपडी वाटी असते, तिच्याभोवती पाणी साचून गटाराचा वास अडतो. वाटी काढून गाळ काढा आणि वाटी परत बसवा. सफाईनंतर वाटी बाहेरच राहिली की झुरळं आणि वास सुरू होतो, आणि लोक तुंबल्याचं समजून पुन्हा प्लंबर बोलावतात. खालचे चेंबर उघडून आत उतरण्याचं काम कोणालाही सांगू नका, स्वतःही करू नका. आत विषारी वायू असतो, माणसं मरतात. झाकण उघडून वरून बघणं आणि यंत्राने साफ करणाऱ्यांना बोलावणं, एवढंच आपलं काम.

याच आठवड्यात खिडक्या. सरकत्या अ‍ॅल्युमिनिअमच्या खिडकीचा खालचा ट्रॅक नीट बघा: बाहेरच्या कडेला दोन-तीन बारीक खाचा असतात. ट्रॅकमध्ये आलेलं पावसाचं पाणी त्यांतून बाहेर पडतं. वर्षभराच्या धुळीने त्या बुजतात, मग ट्रॅक भरतो आणि पाणी आतल्या भिंतीवरून गादीवर येतं. जुन्या दात घासायच्या ब्रशने आणि खराट्याच्या काडीने त्या मोकळ्या करा, ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओता आणि बाहेर धार पडते का बघा. भाचीच्या घरी त्या सगळ्या खाचा सिलिकॉनने भरलेल्या होत्या. आधीच्या कोणीतरी "पाणी येतं" म्हणून बंद केल्या असाव्यात आणि त्यामुळेच ते येत राहिलं. सिलिकॉन भरायचं ते चौकट आणि भिंत यांच्या फटीत, बाहेरच्या बाजूने, कोरड्या दिवशी.

विजेच्या बोर्डात, वीज कुठे गळायला लागली तर पुरवठा तोडणारा एक खटका असतो, त्याच्यावर 'टी' लिहिलेलं छोटं बटण असतं. ते दाबलं की घराची वीज लगेच जायला हवी. गेली नाही तर इलेक्ट्रिशियनला बोलवा, याला थांबू नका.

आठवणी कशा लिहायच्या

"वॉटरप्रूफिंग" किंवा "ड्रेनेज" अशी एका शब्दाची आठवण आली की माणूस ती बाजूला सारतो. प्रश्न लिहा, ज्याचं उत्तर हो किंवा नाही येईल. भाचीच्या फोनमध्ये अशा आहेत: 5 एप्रिल, "डागांच्या रेघा ओढल्या का, ओला आहे की कोरडा?" 13 एप्रिल, "तिसऱ्या चौकोनाचे 48 तास झाले का?" 28 एप्रिल, "वाट्यावर पाणी मारणं चालू आहे का?" 3 मे, "माळा रिकामा झाला का?" 16 मे, "बादली ओतली, खाली भसकन आली का?" सगळ्या दरवर्षी पुन्हा येतील अशा लावल्या आहेत, आणि उत्तर नाही असेल तर पुढची आठवणही तितके दिवस पुढे ढकलायची. सिमेंट सात दिवस भिजलेलं नसताना लेपनाची तारीख आली म्हणून लेपन करायचं नाही.

पहिली जोराची सर

वळवाची पहिली मोठी सर आली की तिच्यात खरी चाचणी होते. त्या रात्री टॉर्च घेऊन पेन्सिलच्या रेघा, माळ्याचं छत, खिडक्यांचे ट्रॅक, कपाटामागची भिंत एवढं बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर जा. मेच्या वाऱ्याने पाइपच्या तोंडाशी पुन्हा पानं आणून टाकलेली असतात, ती काढा. गच्चीवर कुठे पाणी साचून राहिलं आहे तिथे खडूने कड आखून फोटो काढा. उन्हात खडू पुसला जाईल, फोटो राहील, आणि पुढच्या एप्रिलमध्ये मिस्त्रीला उतार कुठे कमी आहे ते दाखवता येईल. भाचीच्या गच्चीवर टाकीच्या मागे परातीएवढं पाणी साचलं होतं. तो फोटो तिने पुढच्या 5 एप्रिलच्या आठवणीला जोडून ठेवला आहे.